भाजलं, शिजवलं तरी विष जात नाही: घरात साठवलेली ज्वारी, शेंगदाणे आणि अफ्लाटॉक्सिन

सोलापूरकडच्या घरात शेंगदाणा रोज पोटात जातो. शेंगा चटणी तर ताटात असतेच, शिवाय कालवणात कूट, उपवासाला कूट आणि पाहुणे आले की गुळासोबत मूठभर भाजलेले दाणे. ज्वारीचं काही वेगळं सांगायला नको. त्यामुळे वर्षाचं धान्य भरणाऱ्या घरात पावसाळ्यानंतर एक प्रश्न हमखास येतो: पोत्याच्या बुडाला थोडी ओल लागली, दाण्यांना किंचित बुरा आला, तर काय करायचं? नेहमीचं उत्तर असतं, ऊन दाखवा, चांगलं खरपूस भाजा, म्हणजे झालं.

या उत्तरातलं अर्धंच खरं आहे. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तिथेच राहतं. अफ्लाटॉक्सिनबद्दल एवढी एक गोष्ट नीट समजली, तर पुढे काय करायचं ते आपोआप ठरतं. चुलीवर हा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो वाळवताना, साठवताना आणि कुटण्याआधी निवडताना. म्हणून आधी शिजवण्याचं बघू आणि मग वाळवण्यापासून निवडण्यापर्यंतच्या पायऱ्या घेऊ.

उष्णतेने काय होतं, काय होत नाही

अफ्लाटॉक्सिन मुख्यतः अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या दोन बुरश्या तयार करतात. फ्लेव्हस पिवळसर हिरवी, पुडीसारखी दिसते आणि आपल्या शेतातल्या मातीत कायमची असते. बुरशी जिवंत असते, म्हणून ती तव्यावर किंवा उकळत्या पाण्यात मरते. विष मात्र जिवंत नाही. ते एक रासायनिक द्रव्य आहे, त्यामुळे त्याला मारता येत नाही, मोडावं लागतं. त्याच्या प्रकारांतलं सर्वांत घातक बी-१. त्याच्या रेणूत कड्या एकमेकींना जोडून घट्ट बसलेल्या असतात. शुद्ध कोरडं बी-१ साधारण २६८ अंश सेल्सिअसला वितळतं. आता आपल्या स्वयंपाकातलं तापमान बघा. आमटी, भात, कण्या १०० अंशांच्या वर जात नाहीत, कारण भांड्यात पाणी आहे तोवर पारा तिथेच थांबतो. प्रेशर कुकरमध्ये जास्तीत जास्त १२० च्या आसपास. तवा तापून लाल झाला तरी भाकरीच्या आतल्या भागात ओल असते, म्हणून पापुद्र्याखालचा भाग शंभरीतच राहतो. करपलेल्या डागांपुरती उष्णता जास्त लागते, पण करपलेली भाकरी कोणी खात नाही.

शेंगदाणे भाजण्याची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे पाणी नसतं आणि दाणा दीडशे अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत विषाचा काही भाग खरोखर मोडतो. किती मोडेल हे दाण्यातली ओल, भाजण्याचा वेळ आणि विषाचं मूळ प्रमाण यांवर अवलंबून असतं. कधी निम्म्याहून जास्त जातं, कधी थोडंच. पण सगळं कधीच जात नाही, आणि किती उरलं हे चवीवरून, वासावरून किंवा रंगावरून कळत नाही. म्हणून भाजणं चवीसाठी करावं, विष घालवायचा उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नये.

धुण्याबद्दलही असंच. अफ्लाटॉक्सिन पाण्यात फारच कमी विरघळतं. ज्वारी धुतली की धूळ, बुरा, फुटके तुकडे निघून जातात आणि त्यांच्यासोबत थोडं विषही जातं. दाण्याच्या आत शिरलेलं मात्र जागचं हलत नाही. वर, धुतलेली ज्वारी नीट न वाळवता डब्यात भरली, तर नव्या बुरशीला आपणच ओल पुरवतो.

खायचा सोडा घातला तर? हा प्रश्न हुशारीचा आहे. क्षारामुळे बी-१ च्या रेणूतली एक कडी उघडते, त्यामुळे तपासणीत विष कमी झाल्यासारखं दिसतं. पण तोच पदार्थ आंबट झाला की उघडलेली कडी पुन्हा मिटते आणि विष जसंच्या तसं परत येतं. आपल्या जठरात आम्लच असतं. हा बदल कायमचा करायला तीव्र क्षार आणि पुष्कळ उष्णता लागते. पशुखाद्यासाठी अमोनियाची तशी प्रक्रिया कारखान्यात करतात, ती स्वयंपाकघरात शक्य नाही. उन्हाने विष जातं असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यातही थोडा आधार आहे. तेलाच्या पातळ, पारदर्शक थरावर ऊन पडलं तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन मोडतं. दाण्याच्या आत मात्र प्रकाश पोचतच नाही.

शिजवून विष जात नाही याचा सर्वांत दुःखद दाखला आपल्याच देशात आहे. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांकडे दुसरं धान्य नव्हतं. त्यांनी तोच मका दळून, भाजून खाल्ला. आधी कावीळ झाली, मग पोटात पाणी साठलं, आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. त्या घरांतली कुत्रीसुद्धा तशीच आजारी पडली. लोकांनी कच्चं धान्य खाल्लं नव्हतं.

आपल्याकडे असं एकदम मरण येण्याची शक्यता कमी. आपला धोका हळू चालणारा आहे. बी-१ यकृतात गेल्यावर त्याचं एक अतिशय चिकट रूप तयार होतं आणि ते पेशींच्या डीएनएला जाऊन बसतं. थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि ज्याला हिपॅटायटिस-बी आहे त्याला तो कितीतरी पटींनी जास्त. माणसात कर्करोग करणारे म्हणून जे पदार्थ निर्विवाद मानले गेले आहेत, त्या पहिल्या गटात अफ्लाटॉक्सिन आहे.

बुरशीला किती ओल लागते

दाण्यात किती टक्के पाणी आहे, हे बुरशीच्या दृष्टीने महत्त्वाचं नसतं. दाण्यांच्या मधल्या हवेत किती ओल आहे, यावर तिचं चालतं. बंद पोत्यात दाणे आणि त्यांच्यामधली हवा काही तासांत एकमेकांशी जुळवून घेतात. ती हवा ६५ टक्के आर्द्रतेच्या खाली असली, तर साठवणीतली कोणतीच बुरशी नीट वाढत नाही. ७० च्या वर गेली की काही काटक बुरश्या सुरुवात करतात. फ्लेव्हसला साधारण ८० च्या पुढे लागतं. पण आधी आलेल्या बुरश्या आणि किडे श्वास घेतात, त्यातून पाणी आणि उष्णता सुटते, आणि तेवढ्या जागेत फ्लेव्हसची सोय होते. सोंड्यांनी भरलेल्या ज्वारीत हात घातला की गरम लागतं, ते याचमुळे. तापमानाची बुरशीला अडचण नाहीच. पंचवीस ते पस्तीस अंशांत ती विष जोरात तयार करते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात घरातलं तापमान नेमकं तेवढंच असतं.

आता ज्वारी आणि शेंगदाणा यांतला फरक. हवेत ७० टक्के ओल असताना ज्वारीत साधारण साडेतेरा-चौदा टक्के पाणी असतं, तर शेंगदाण्यात जेमतेम सात टक्के. कारण सरळ आहे. दाण्याचा निम्म्याच्या आसपास भाग तेल असतो आणि तेल पाणी धरत नाही, म्हणून असलेलं सगळं पाणी उरलेल्या भागात असतं. ज्वारी बारा टक्क्यांवर निर्धास्त राहते. शेंगदाणा बारा टक्क्यांवर ठेवला तर बुरशी येणारच. ज्वारीला लावलेला अंदाज शेंगदाण्याला लावू नका, हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण बहुतेक नुकसान इथेच होतं.

सोलापूरची एक समजूतही तपासून पाहायला हवी. आपला मुलूख कोरडा, इथे बुरशी कुठून यायची, असं पुष्कळ जण म्हणतात. रब्बी ज्वारीपुरतं ते बरंचसं खरं आहे. मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये कडक उन्हात काढली जाते आणि खळ्यावरच खणखणीत वाळते. खरिपाची भुईमूग शेंग मात्र नेमकी उलट अडचणीत सापडते. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली, जमीन तापली, की तहानलेल्या वेलाच्या शेंगेत फ्लेव्हस जमिनीतच शिरते. मग सप्टेंबरमध्ये परतीचा पाऊस येतो आणि उपटलेल्या शेंगा वाळायच्या वेळीच भिजतात. म्हणजे कोरडेपणाही बाधतो आणि पाऊसही. इथे शेंगदाण्याकडे ज्वारीपेक्षा जास्त बारकाईने बघायला हवं ते यासाठी.

पहिली पायरी: वाळवणं आणि वाळलं का ते पाहणं

वेल उपटल्यावर शेंगा वर येतील असे उलटे ठेवावेत, म्हणजे त्यांना मातीची ओल लागत नाही. कुदळ-खुरप्याने फुटलेल्या, वाळवीने किंवा हुमणीने पोखरलेल्या शेंगा त्याच वेळी बाजूला काढाव्यात. टरफल हे दाण्याचं चिलखत आहे, आणि ते फुटलं की बुरशीला वाट मोकळी. शेंगा ताडपत्रीवर पातळ पसराव्यात, दिवसातून दोन-तीनदा हलवाव्यात आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकाव्यात. शेंग कानाजवळ धरून हलवली आणि दाणा आत खुळखुळला, तर वाळत आल्याची ती खूण. दाणा बोटांनी चोळल्यावर लाल साल सहज सुटायला हवी.

पण खुळखुळण्यावर वर्षभराची साठवण करू नये. बाजारात आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, हायग्रोमीटर म्हणून, आणि ते महाग नसतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत किलोभर दाणे घ्या, यंत्र मधोमध ठेवा, पिशवीतली हवा दाबून काढा, तोंड घट्ट बांधा आणि सावलीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा वाचा. ६५ च्या खाली असेल तर भरायला हरकत नाही. ६५ ते ७० मध्ये असेल तर आणखी एक-दोन उन्हं द्या. ७० च्या वर असेल तर कोठीचं झाकण उघडूही नका. या मोजणीची खरी सोय अशी, की हा आकडा ज्वारीला आणि शेंगदाण्याला एकच लागतो. टक्केवारीचा सगळा घोळ मिटतो.

यंत्र खरं बोलतं का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि ते चिखलासारखं होईल इतकेच पाण्याचे थेंब टाका. विरघळू देऊ नका. झाकण आणि यंत्र एका पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. यंत्राने ८० दाखवलं तर ते पाचाने जास्त सांगतं, तेवढे वजा करून वाचायचं.

यंत्र नसेल तर जुनी मिठाची चाचणी आहे. कोरड्या काचेच्या बरणीत धान्य आणि थोडं कोरडं मीठ घालून नीट हलवायचं आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात पंधरा टक्क्यांहून जास्त पाणी आहे. पण मीठ चिकटलं नाही म्हणून धान्य वाळलं असं होत नाही. चौदा टक्क्यांच्या ज्वारीत मीठ चिकटणार नाही, आणि ज्या दाण्यांना सातच टक्के हवेत त्यांच्यासाठी तर ही चाचणी निरुपयोगी. ज्वारी दातांखाली कट्‌ आवाज करून फुटते का, हे आजी बघायची. सवयीच्या दातांना ते बरंच कळतं, पण सगळ्यांचे दात तसे तयार नसतात.

दुसरी पायरी: भरणं आणि ठेवणं

उन्हातलं धान्य गरम गरम कोठीत भरू नये. दुपारी तापलेली ज्वारी भरून झाकण लावलं, की रात्री पत्रा थंड होतो, आतल्या गरम हवेतली वाफ झाकणाखाली आणि कडेला पाणी होऊन बसते आणि वरचा थर ओला होतो. अशा वेळी मधली सगळी ज्वारी कोरडी असते, बुरा मात्र वरच्या चार बोटांत दिसतो. म्हणून धान्य संध्याकाळी सावलीत पसरून निवू द्यावं आणि दव पडायच्या आत भरावं.

पोतं किंवा कोठी जमिनीला टेकवू नये. खाली लाकडी फळ्या किंवा विटांवर फळी, जमिनीपासून वीतभर उंच. भिंतीपासूनही हातभर लांब, म्हणजे पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी पोत्याला लागणार नाही आणि मागचा भाग डोळ्यांना दिसेल. जुन्या पेवांतूनही हेच शिकायला मिळतं. पेवाच्या भिंतींना कडब्याचं किंवा काडाचं अस्तर असायचं, तरी मातीला लागून असलेली ज्वारी कळकट आणि कुबट व्हायची. त्या कडेच्या ज्वारीची प्रत वेगळीच असायची आणि ती मधल्या ज्वारीत कालवणं शहाणपणाचं नव्हतं.

कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत पूर्ण वाळवून घाला. हिरवा पाला म्हणजे धान्यात पाणी घालणं. आणि पाल्याने किडे दूर राहतात, बनलेल्या विषावर त्याचा काही परिणाम नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत जमेल तितका काळ शेंगाच ठेवाव्यात आणि महिन्याभराला लागतील तेवढ्याच फोडाव्यात. फोडलेले दाणे विकत आणत असाल तर मोठं पोतं घेऊ नका, थोडे थोडे घ्या.

पावसाळा लागला की पंधरा दिवसांनी एकदा कोठीत खोल हात घालून बघावं. हाताला ऊब लागली, दाणे एकमेकांना चिकटलेले लागले किंवा कुबट वास आला, तर त्या जागी काहीतरी चालू आहे. वरून चांगलं दिसतं म्हणून सोडून देऊ नये.

तिसरी पायरी: पोतं बिघडलंच तर

इथे एका पोत्याची गोष्ट तपशिलात सांगतो. आमच्या ओळखीच्या एक अक्का घरी शेंगा चटणी करून देतात, दिवाळीच्या आधी त्यांच्याकडे मागणी फार. त्यांच्याकडे तीस किलो फोडलेल्या दाण्यांचं पोतं होतं. परतीच्या पावसात मागच्या भिंतीतून पाणी झिरपलं आणि पोत्याचं बूड ओलं झालं. पोतं हलवताना वास आला, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"वरचे दाणे तर चकाचक हायेत बघ," अक्का म्हणाल्या. "खालचे दोन-चार किलो ऊन दाखवून सगळ्यात मिसळून भाजले तर काय होतंय?"

मी म्हटलं, "अक्का, आधी मिसळू नका, एवढंच करा. बाकी आपण सावकाश बघू."

नाकातोंडाला ओला फडका बांधून आम्ही पोतं आडवं केलं, कारण बुरशीची धूळ श्वासात जाऊ नये. दाणे वरून खाली असे तीन वेगवेगळ्या ताडपत्र्यांवर घेतले. वरच्या ढिगातल्या किलोभर दाण्यांत यंत्राने ५८ दाखवलं, मधल्यात ६४, आणि बुडाच्या ढिगात ८१. बुडाचे साधारण चार किलो दाणे होते. त्यांतले काही हिरवट पावडर लागलेले, काही नुसतेच काळपट, आणि पुष्कळसे वरून अगदी नेहमीसारखे. ते नेहमीसारखे दिसणारे निवडून वाचवावेत असं अक्कांना वाटत होतं, आणि ते साहजिक होतं. मी त्यांना एक हिशेब करून दाखवला.

शेंगदाण्याचा एक दाणा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे किलोत दोन हजार दाणे. आपल्या अन्न सुरक्षा नियमांत धान्याला आणि कच्च्या शेंगदाण्याला अफ्लाटॉक्सिनची मर्यादा आहे किलोमागे १५ मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आता समजा, एकाच दाण्यात ग्रॅममागे ४० मायक्रोग्रॅम विष आहे. हे काही फार नाही. एकेका दाण्यात ग्रॅममागे हजारापर्यंत सापडल्याच्या नोंदी आहेत. तर आपल्या अर्ध्या ग्रॅमच्या दाण्यात २० मायक्रोग्रॅम झालं. बाकीचे एक हजार नऊशे नव्याण्णव दाणे अगदी स्वच्छ असले, तरी त्या एका दाण्यामुळे तो सगळा किलो २० वर गेला, म्हणजे मर्यादेच्या वर.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. वाईट दाणे चांगल्यात मिसळून "पातळ" होत नाहीत, उलट चांगलेही वाया जातात. आणि विष थोड्याच दाण्यांत एकवटलेलं असल्यामुळे, ते दाणे वेळेत काढून टाकले तर बाकीचा माल खरोखर सुधारतो. भाजण्याने जे जमत नाही ते निवडण्याने जमतं. फक्त हे कुटण्याच्या आधी करावं लागतं. एकदा कूट झालं की तो एक दाणा सगळ्या चटणीत गेला, आणि मग त्याला वेगळं काढायचा कोणताच मार्ग उरत नाही.

बुडाचे चार किलो पूर्ण बाजूला गेले. त्यांतले चांगले दिसणारेही गेले, कारण ते ८१ च्या हवेत किती दिवस होते ते कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि विष डोळ्यांना दिसत नाही. मधल्या ढिगाचा आकडा हद्दीत होता, पण तो बुडाला लागून होता. म्हणून त्यावरची तीन-चार किलोंची कडही काढली, उरलेला ढीग आणखी एक ऊन देऊन पुन्हा मोजला आणि मग कोरड्या डब्यांत भरला.

चौथी पायरी: दोनदा निवडणं

हे काम पोतं बिघडलेलं नसतानाही करावं, कारण विकतच्या दाण्यांत काय आलंय ते आपल्याला माहीत नसतं.

पहिली निवड कच्च्या दाण्यांची. आधी सुपात पाखडून हलके, पोचट दाणे काढायचे. मग पांढऱ्या कापडावर, दिवसाच्या उजेडात, मूठमूठभर पसरून बघायचं. सुरकुतलेले, काळपट किंवा पिवळसर डागाचे, साल सुटून आलेले, कोंब फुटायला लागलेले, अर्धे झालेले, किड्याने भोक पाडलेले, हे सगळे बाहेर. बारके सुरकुतलेले दाणे वाया जातात म्हणून पुष्कळ घरांत ते कुटाला ठेवतात. अगदी उलट करायला हवं. तहानलेल्या वेलावरचे तेच दाणे, आणि विष सापडण्याची शक्यता त्यांच्यातच जास्त.

दुसरी निवड भाजल्यानंतर. भाजून, निवल्यावर चोळून साल काढली की काही दाणे साल सोडत नाहीत आणि काही इतरांपेक्षा जास्त गडद होतात. हे दोन्ही प्रकार संशयित. दाणे गोरे करून यंत्राने रंग पाहून काढण्याची मोठ्या कारखान्यांतली पद्धत याच गुणावर उभी आहे. घरी ते डोळ्यांनी जमतं. मग काही दाण्यांच्या दोन फाका करून आत बघा. कधी वरून निर्मळ दाण्याच्या दोन फाकांमध्ये करडा-हिरवट बुरा बसलेला असतो. असे एकदोन सापडले तर त्या घाणातले सगळे दाणे फोडून बघावेत. आणि जिभेवर कडू किंवा कुबट लागलेला दाणा थुंकून टाकावा, गिळू नये. मात्र कडू लागला नाही म्हणजे विष नाही, असं उलट समजू नका, कारण अफ्लाटॉक्सिनला स्वतःची चव नाही.

प्रयोगशाळेत तपासून घ्यावं का? चटणीचा धंदा करणाऱ्याने जरूर घ्यावं, पण नमुना कसा काढला यावर सगळं अवलंबून असतं. विष मोजक्या दाण्यांत असल्यामुळे पोत्याच्या तोंडातून मूठभर दाणे दिले तर निकाल बहुधा निर्मळ येतो आणि त्याचा काही अर्थ नसतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात कच्च्या शेंगदाण्यांसाठी २० किलोंचा नमुना घेण्याचा नियम आहे, तो यासाठीच. घरगुती धंद्याला एवढं परवडत नाही. त्यातल्या त्यात वर, मध्ये, बुडाशी आणि चारी कडांना अशा अनेक जागांतून थोडे थोडे घेऊन, सगळे बारीक दळून, मिसळून मग त्यातला भाग द्यावा. जांभळ्या प्रकाशाच्या स्वस्त बॅटरीने बघून निर्धास्त होऊ नये. तिच्यात कधी विषाविनाच दाणा चमकतो, आणि विष असलेला दाणा चमकेलच असंही नाही.

काढलेल्या दाण्यांचं काय करायचं

अक्कांचा पुढचा प्रश्न होता, "मग म्हशीला तरी घालू?" आणि त्यानंतर, "घाण्यावर तेल काढलं तर?"

तेल काढलं की विषाचा मोठा भाग पेंडीत राहतो, कारण ते तेलात फारसं उतरत नाही. पण तेल गाळलेलं नसेल तर पेंडीच्या बारीक कणांबरोबर थोडं तेलातही येतं. शुद्धीकरण केलेल्या तेलातून ते क्षाराच्या प्रक्रियेत निघून जातं, घाण्याच्या तेलावर ती प्रक्रिया होत नाही. म्हणजे घाण्यावर नेताना दाणे चांगलेच असायला हवेत. आणि खराब दाण्यांची पेंड म्हशीला घातली तर विष तिथे संपत नाही. जनावराच्या यकृतात बी-१ चं एम-१ होतं आणि ते पुढच्या दिवसापर्यंत दुधात उतरतं. खाल्लेल्या विषाचा थोडाच भाग, साधारण शंभरात एक ते सहा, दुधात येतो, पण दुधाची मर्यादाही तशीच कडक आहे, किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. आणि हे दूध तापवा, आटवा, दही लावा, एम-१ जात नाही. घरात दूध सर्वांत जास्त कोण पितं ते वेगळं सांगायला नको. खाद्य बदललं की तीन-चार दिवसांत दुधातलं एम-१ जवळजवळ निघून जातं, त्यामुळे बुरसटलेली पेंड आधीच घातली गेली असेल तर ती आजच बंद करावी आणि ते दिवस दूध लहान मुलांना देऊ नये.

अफ्लाटॉक्सिनचा शोधही पेंडीवरूनच लागला. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले. आधी रोग समजेना, म्हणून त्याला "टर्की एक्स" म्हणाले. शेवटी ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड कारण निघाली. बदकांच्या पिल्लांना हे विष फार लवकर बाधतं आणि कोंबड्यांनाही बाधतं, म्हणून पाखडून निघालेले खराब दाणे अंगणात कोंबड्यांपुढे टाकायची सवयही सोडावी.

अक्कांच्या पोत्यातले काढलेले दाणे शेताच्या बांधाजवळ, धान्याच्या जागेपासून लांब, खोल खड्डा करून पुरले आणि वर माती दाबली, म्हणजे कुत्री-डुकरं उकरणार नाहीत. ताडपत्री आणि सूप झटकून कडक उन्हात टाकलं. ओला झालेला पोत्याचा कपडा जाळला. पोतं ठेवायच्या कोपऱ्यात भिंतीचं झिरपणं बुजवल्याशिवाय दुसरं पोतं ठेवायचं नाही, हेही ठरलं. दिवाळीच्या चटणीसाठी अक्कांनी वरच्या ढिगातले दाणे घेतले, ते भाजून, साल काढून आम्ही दोघांनी पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पुन्हा निवडले. भाजलेल्या पाच किलोंतून वाटीभर निघाले: साल न सोडणारे, करपट रंगाचे, आणि फाका केल्यावर आत करडे दिसलेले तीन. ती वाटी खड्ड्यात गेली आणि मग अक्कांनी उखळात लसूण, जिरं, तिखट-मीठ घालून कुटायला घेतलं.